धूम्रपानाचा रकाना रिकामा असेल तेव्हा: ओळी गाळायच्या की भरायच्या? (प्रकल्प नोंदी)

४ मार्च

पाठपुरावा अभ्यासाची फाइल हातात आली आहे. सुरुवातीला प्रत्येकाची माहिती घेतली, मग काही वर्षे वाट पाहिली आणि कोणाला फुफ्फुसाचा जुनाट आजार झाला ते नोंदवले. आजाराचा रकाना पूर्ण भरलेला आहे, वय आणि लिंगही. धूम्रपानाच्या रकान्यात मात्र जागोजागी खिंडारे आहेत, आणि आमचा मुख्य प्रश्न नेमका धूम्रपानाचाच आहे.

गटात दोन मते आहेत. एक जण म्हणतो, ज्या ओळी पूर्ण आहेत तेवढ्याच घ्या. R मधले `glm` तरी दुसरे काय करते? दुसरा म्हणतो, आता ओळी गाळण्याचे दिवस गेले, R मधले `mice` चालवून रिकाम्या जागा अंदाजाने भरा आणि मोकळे व्हा. दोघांनीही पद्धत आधी निवडली आहे. रकाना रिकामा का राहिला, हे अजून कोणी विचारलेले नाही. कोणती पद्धत कुठे फसते हे आधी आकड्यांत बघायचे आणि मगच खऱ्या फाइलला हात लावायचा, असे ठरवून या नोंदी सुरू करतो आहे. ज्यांच्यापुढे अशीच फाइल आहे त्यांना यातली प्रत्येक बेरीज कागदावर करून पाहता येईल.

आजचा दिवस रिकाम्या जागा शोधण्यातच गेला, कारण सगळ्या रिकाम्या जागा रिकाम्या दिसत नाहीत. धूम्रपानाच्या रकान्यात ० आणि १ यांच्या जोडीला ८ आणि ९ होते. रोजच्या सिगारेटींच्या रकान्यात ९९ होते, आणि सॉफ्टवेअर इमानाने ते सरासरीत धरत होते. हे संकेत पुसण्याआधी मूळ रकान्याची प्रत वेगळी ठेवली.

```r
d$dhumrapan_mul <- d$dhumrapan
d$dhumrapan[d$dhumrapan %in% c(8, 9)] <- NA
d$cigarette[d$cigarette == 99] <- NA
colSums(is.na(d))
```

६ मार्च

आधी यादृच्छिक आकडे काढून कृत्रिम डेटा बनवत होतो. त्यात वेळ गेला आणि हाती काही लागले नाही. दर खेपेला उत्तर थोडे हलायचे, आणि हा फरक पद्धतीचा की योगायोगाचा हे कळायचे नाही. हजार वेळा चालवून सरासरी काढता येते, पण मग आत काय घडते आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून योगायोग पूर्णपणे काढून टाकला. १०,००० लोकांचा एक काल्पनिक तक्ता घेतला. त्याचे सत्य मी ठरवलेले आहे, त्यामुळे कोणती पद्धत किती चुकली ते नेमके मोजता येते. आकडे कुठल्याही खऱ्या अभ्यासातले नाहीत.

| | आजारी | निरोगी | एकूण |
|---|---|---|---|
| धूम्रपान करणारे | ८०० | ३,२०० | ४,००० |
| न करणारे | ६०० | ५,४०० | ६,००० |

धूम्रपान करणाऱ्यांत आजाराचे प्रमाण २० टक्के, न करणाऱ्यांत १० टक्के. ऑड्स रेशो काढायचा तर ८०० गुणिले ५,४०० या गुणाकाराला ३,२०० गुणिले ६०० या गुणाकाराने भागायचे, म्हणजे २.२५. यापुढे दर वेळी या तक्त्यातल्या काही लोकांची धूम्रपानाची नोंद पुसायची, ती पुसण्याचा नियम बदलत राहायचा आणि कोणती पद्धत २.२५ पर्यंत परत पोचते ते बघायचे.

७ मार्च

पहिली चाचणी सगळ्यात निरुपद्रवी नियमाची. ७० टक्के लोकांची नोंद निव्वळ नशिबाने गेली, त्याचा ना आजाराशी संबंध ना धूम्रपानाशी. चारही घरांतले ३० टक्के लोक उरतात: २४०, ९६०, १८० आणि १,६२०. ऑड्स रेशो २.२५ च येतो. फक्त ९५ टक्के विश्वास मर्यादा रुंदावतात. पूर्ण डेटावर त्या २.०१ ते २.५२ होत्या, आता १.८३ ते २.७७ झाल्या. ओळी गाळल्याने इथे अचूकता कमी झाली, बायस आला नाही.

आता भरून बघू. पूर्ण ओळींमध्ये ३,००० पैकी १,२०० जण धूम्रपान करणारे, म्हणजे ४० टक्के. ज्यांची नोंद नाही त्यांनाही याच प्रमाणात वाटून दिले. गहाळ नोंदींचे ९८० आजारी आहेत, त्यांतले ३९२ धूम्रपान करणारे ठरले. ६,०२० निरोगी आहेत, त्यांतले २,४०८. सगळे मिळवून ऑड्स रेशो काढला तर तो १.२८ आला.

नोंदी निव्वळ नशिबाने गेलेल्या असताना, जिथे आळशी पद्धत बरोबर उत्तर देते तिथे, भरणीने २.२५ चे १.२८ करून ठेवले. कारण तक्त्यातच आहे. भरलेल्या ७,००० लोकांचा स्वतंत्र ऑड्स रेशो काढला तर तो बरोबर १ येतो. भरताना आपण आजार बघितलाच नाही, त्यामुळे या लोकांमध्ये धूम्रपान आणि आजार यांचा काही संबंध नाही असे आपणच लिहून टाकले. मग ३० टक्के खऱ्या नोंदींत ७० टक्के संबंधहीन नोंदी मिसळल्या आणि संबंध पातळ झाला.

आता आजार बघून भरू. नोंद असलेल्या आजारी लोकांत ४२० पैकी २४० धूम्रपान करणारे, म्हणून गहाळ आजाऱ्यांतही तेच प्रमाण लावले: ९८० पैकी ५६०. निरोगी लोकांत २,५८० पैकी ९६०, म्हणून ६,०२० पैकी २,२४०. बेरीज केली की मूळ तक्ता जसाच्या तसा परत येतो आणि ऑड्स रेशो २.२५.

गटात यावर लगेच हरकत आली: आजारावरून धूम्रपान भरायचे आणि मग धूम्रपानावरून आजार समजावायचा, हे फिरून तिथेच येणे झाले. हरकत मनापासूनची आहे, आणि पहिल्यांदा ऐकताना पटतेही. पण भरणीचे काम कारण शोधण्याचे नाही. गहाळ लोकांमध्ये दोन रकान्यांचा जो मेळ असायला हवा तो टिकवणे एवढेच तिचे काम आहे. आजार वगळणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे, ‘संबंध शून्य आहे’ असे ठाम विधान करणे आहे.

हे कागदापुरते नाही. ब्रिटनमध्ये हृदयविकाराचा धोका मोजण्याचे QRISK हे सूत्र २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांच्या कोलेस्टेरॉलच्या नोंदी नव्हत्या. त्या भरून केलेल्या पहिल्या विश्लेषणात कोलेस्टेरॉलच्या गुणोत्तराचा हृदयविकाराशी संबंध जवळजवळ शून्य दिसला. अनेक दशकांच्या पुराव्याविरुद्धचा हा निष्कर्ष बघून लोकांनी प्रश्न विचारले. पूर्ण नोंदींवर संबंध स्पष्ट दिसत होता, आणि भरणीची पद्धत सुधारल्यावर भरलेल्या डेटातही दिसला. पहिल्या भरणीतल्या त्रुटींपैकी एक महत्त्वाची त्रुटी हीच होती: कोलेस्टेरॉल भरताना हृदयविकार झाला की नाही हे वापरलेले नव्हते.

आजच्या चाचणीतली आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. आजार बघून एकदाच भरले आणि त्या १०,००० ओळी खऱ्या मानून मर्यादा काढल्या, तर २.०१ ते २.५२ येतात. हा अचूकपणा खोटा आहे, कारण ७,००० लोकांची माहिती आपण निर्माण केलेली आहे. अनेकदा भरून, दर वेळी थोडी वेगळी सोडत काढून आणि त्या प्रतींमधला फरक रुबिन यांच्या नियमाने अनिश्चिततेत मिळवून मर्यादा काढल्या, तर त्या पुन्हा १.८३ ते २.७७ च्या आसपास जातात. म्हणजे भरणीला आजाराखेरीज दुसरा कोणताच रकाना उपलब्ध नसेल, तर एवढे सगळे करून ओळी गाळण्यापेक्षा जास्त काही मिळत नाही. फायदा व्हायचा असेल तर धूम्रपानाबद्दल काही सांगणारा तिसरा रकाना लागतो.

११ मार्च

नियम बदलला. आता नोंद आहे की नाही हे आजारावर अवलंबून आहे. आजारी माणूस दवाखान्यात आला की त्याला धूम्रपानाचे विचारले जातेच, निरोगी माणसाला कोण विचारणार? आजाऱ्यांपैकी ९० टक्क्यांची नोंद आहे, निरोग्यांपैकी ५० टक्क्यांची.

उरलेल्या ओळी: धूम्रपान करणारे ७२० आजारी आणि १,६०० निरोगी, न करणारे ५४० आजारी आणि २,७०० निरोगी. गटातल्या बहुतेकांची अपेक्षा होती की आता पूर्ण नोंदींचे विश्लेषण कोसळणार. ऑड्स रेशो काढला: २.२५.

यात चमत्कार नाही. केस-कंट्रोल अभ्यासात आपण हेच करतो, आजारी जवळपास सगळे घेतो आणि निरोगी थोडे. त्यामुळे ऑड्स रेशो बिघडत नाही, कारण वरच्या आणि खालच्या ओळीतले आकडे एकाच प्रमाणात घटतात आणि भागाकारात निघून जातात. पण हे संरक्षण फक्त ऑड्स रेशोला आहे. आजाराचे प्रमाण काढायला गेलो तर धूम्रपान करणाऱ्यांत ते २० ऐवजी ३१ टक्के येते आणि न करणाऱ्यांत १० ऐवजी १६.७ टक्के. प्रमाणांचे गुणोत्तर २ ऐवजी १.८६ आणि प्रमाणांतला फरक १० ऐवजी १४.४ टक्के-बिंदू. एकाच फाइलवर, एकाच पद्धतीने, लॉजिस्टिक मॉडेलचे उत्तर बरोबर आणि धोक्याच्या फरकाचे उत्तर चूक.

आजार बघून भरणी केली तर सगळेच सुधारते: गहाळ १४० आजाऱ्यांपैकी ८० आणि गहाळ ४,३०० निरोग्यांपैकी १,६०० धूम्रपान करणारे ठरतात, मूळ तक्ता परत येतो. आजार न बघता भरली तर ऑड्स रेशो १.९२ येतो. १.२८ पेक्षा बरा, पण जी आळशी पद्धत २.२५ देत होती तिच्यापेक्षा वाईटच.

१२ मार्च

आजचा नियम सगळ्यांना ओळखीचा वाटला: जे धूम्रपान करतात तेच उत्तर टाळतात. धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांचीच नोंद आहे, न करणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांची. आजाराचा याच्याशी संबंध नाही, कारण प्रश्न सुरुवातीला विचारला होता, आजार व्हायच्या कितीतरी आधी.

रिकामी जागा त्या जागी जे लिहिलेले असते त्यावरच अवलंबून आहे. पाठ्यपुस्तकात हा सर्वांत वाईट प्रकार म्हणून येतो आणि ‘ओळी तर गाळूच नका’ असा धाक वाटतो. तक्ता काय म्हणतो ते बघा. उरलेले लोक ४००, १,६००, ५४० आणि ४,८६०. धूम्रपान करणाऱ्यांत आजार २,००० पैकी ४००, म्हणजे २० टक्के. न करणाऱ्यांत ५,४०० पैकी ५४०, म्हणजे १० टक्के. ऑड्स रेशो २.२५. सगळे बरोबर! धूम्रपान करणाऱ्या गटातून आजार न बघता निम्मे लोक उचलले, तर उरलेल्या निम्म्यांत आजाराचे प्रमाण बदलण्याचे कारणच नाही.

भरणीचे काय? ती नोंद असलेल्यांवरून शिकते, आणि त्यांच्यात धूम्रपान करणारे कमी उरले आहेत. गहाळ ४६० आजाऱ्यांपैकी १९६ जणांना ती धूम्रपान करणारे ठरवते, खरे होते ४००. गहाळ २,१४० निरोग्यांपैकी ५३० ठरवते, खरे होते १,६००. भरल्यानंतर आजाराचे प्रमाण २१.९ आणि ११.१ टक्के येते, कारण धूम्रपान करणारे कितीतरी लोक न करणाऱ्यांच्या घरात जाऊन बसले. फरक फार मोठा नाही, पण दिशा लक्षात घेण्यासारखी आहे: जिथे ओळी गाळणे निर्दोष होते तिथे भरणीने बायस आणला. आजार बघून भरल्यामुळे ऑड्स रेशो मात्र २.२५ वर टिकला.

लोकसंख्येत धूम्रपान करणारे किती, या प्रश्नाचे उत्तर इथे दोघेही चुकवतात. खरे ४० टक्के, ओळी गाळून २७ टक्के, भरून २७.३ टक्के. त्यामुळे यापुढे गटात ‘ही पद्धत बरोबर का?’ असे कोणी विचारले की आधी विचारायचे: कोणत्या आकड्यासाठी?

१५ मार्च

आतापर्यंत पूर्ण नोंदींचा ऑड्स रेशो एकदाही बिघडला नाही. तो बिघडायला नियम दोन्हीकडे अडकावा लागतो: आजाराकडेही आणि धूम्रपानाकडेही.

त्यासाठी एक तिसरा रकाना आणला, आधीच्या एका भेटीतली जुनी नोंद. हा सर्वांसाठी भरलेला आहे. आज धूम्रपान करणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांनी तेव्हा ‘हो’ म्हटले होते, आज न करणाऱ्यांपैकी १० टक्क्यांनी. आता नियम असा: आजारी असेल तर ९० टक्के नोंद. निरोगी असेल आणि जुनी नोंद ‘नाही’ असेल तरी ९० टक्के. पण निरोगी असून जुनी नोंद ‘हो’ असेल तर फक्त ५० टक्के. तब्येत ठणठणीत असलेला जुना धूम्रपान करणारा पुन्हा तोच प्रश्न ऐकायला येत नाही, असे समजा.

उरलेले लोक: ७२० आणि १,७२८, ५४० आणि ४,६४४. ऑड्स रेशो ३.५८. धूम्रपान करणारे निरोगी लोक निवडून गायब झाले, म्हणून धूम्रपान आहे त्याहून घातक दिसू लागले.

फक्त आजार बघून भरणी केली. ३.५८. तसूभरही हलले नाही, कारण भरणीने त्याच बिघडलेल्या तक्त्यावरून शिकून तोच मोठा करून दिला. आजार आणि जुनी नोंद दोन्ही बघून भरली, तर निरोगी आणि जुनी नोंद ‘हो’ असलेल्यांत १,४४० ला २७० हे प्रमाण मिळते, गहाळ १,७१० जणांत तेच लागू होते, आणि निकाल २.२५ वर येतो.

या चाचणीने गटातला वाद बराचसा मिटवला. भरणीने बायस जातो तो ‘भरले’ म्हणून नव्हे. नोंद का गेली हे सांगणारा रकाना भरणीत होता, म्हणून जातो. तो रकाना अंतिम मॉडेलमध्ये असायलाच हवा असे नाही. जुनी नोंद आमच्या अंतिम मॉडेलमध्ये नाही आणि असणारही नाही, पण भरणीत ती नसेल तर सगळे श्रम वाया जातात.

१९ मार्च

खऱ्या फाइलवर `mice`. गटाकडे आधीच्या कामातली एक स्क्रिप्ट होती, तिथूनच सुरुवात केली. ती चालवल्यावर धूम्रपानाचा ऑड्स रेशो पूर्ण नोंदींच्या मानाने बराच १ कडे सरकला. ७ मार्चची चाचणी ताजी होती म्हणून सरळ प्रेडिक्टर मॅट्रिक्स उघडली. एखादा रकाना भरताना कोणते रकाने वापरायचे हे तिच्यात १ ने लिहिलेले असते, कोणते नाही ते ० ने.

```r
imp$predictorMatrix["dhumrapan", ]
```

आजाराखाली ० होते. ‘परिणामाचा रकाना भरणीत वापरू नये’ अशी टीपही स्क्रिप्टमध्ये कोणीतरी काळजीपूर्वक लिहून ठेवली होती. अनुक्रमांकाखाली मात्र १ होते, म्हणजे धूम्रपानाचा अंदाज अनुक्रमांकावरून बांधला जात होता आणि आजारावरून नाही. दोन्ही उलटे केले. शिवाय ०/१ रकाना संख्या म्हणून राहिला तर `mice` त्यावर `pmm` लावते. फॅक्टर केला की `logreg` लागते.

```r
d$dhumrapan <- factor(d$dhumrapan)
pred <- make.predictorMatrix(d)
pred[, c("id", "dhumrapan_mul")] <- 0
imp <- mice(d, m = 40, maxit = 20,
            predictorMatrix = pred, seed = 319)
fit <- with(imp, glm(rog ~ dhumrapan + vay + ling,
                     family = binomial))
summary(pool(fit), conf.int = TRUE, exponentiate = TRUE)
```

मूळ रकान्याची प्रत वगळणे विसरू नका. तिच्यात धूम्रपानाचेच आकडे आहेत, शिवाय ८ आणि ९ हे संकेत मॉडेल मोठ्या संख्या म्हणून वाचेल. प्रती किती काढायच्या यासाठी आम्ही सोपा ठोकताळा घेतला: जितके टक्के ओळी अपूर्ण, साधारण तितक्या प्रती. पाच हा `mice` चा डिफॉल्ट आहे, आणि पाच प्रतींवर दुसरे बीज टाकले की मर्यादा दुसऱ्या दशांशात हलत होत्या. चाळीसवर त्या स्थिरावल्या. कोणाचा अभ्यास आजार होईपर्यंतच्या कालावधीचा असेल, तर भरणीत नुसता कालावधी टाकून भागत नाही. आजार झाला की नाही तो रकाना आणि `nelsonaalen()` ने काढलेला संचयी धोका, असे दोन्ही टाकावेत.

भरलेल्या लोकांत धूम्रपानाचे प्रमाण नोंद असलेल्यांपेक्षा जास्त आले. गटात एकाला वाटले भरणी बिघडली. तसे नाही. १५ मार्चच्या तक्त्यातही गहाळ लोकांत धूम्रपान करणारे जास्तच होते आणि तेच सत्य होते. फरक दिसणे हा दोष नाही, फरकाचे कारण कोणत्याच रकान्यात सापडत नसेल तर शोधत बसावे.

२४ मार्च

उरलेली भीती: जुनी नोंद नसती तर? किंवा नोंद जाण्याचे कारण जुन्या नोंदीने पुरते सांगितलेच नसेल तर? तीही चाचणी केली. धूम्रपान करणाऱ्या निरोग्यांचीच नोंद ५० टक्के, बाकी तिन्ही घरांची ९० टक्के, आणि तिसरा रकाना नाही. उरलेले ७२०, १,६००, ५४०, ४,८६०. पूर्ण नोंदींचा ऑड्स रेशो ४.०५. आजार बघून भरणी केली तरी ४.०५.

डेटातून ही परिस्थिती ओळखता येत नाही, कारण ती ओळखायला जे लागते तेच पुसले गेले आहे. हातात एकच गोष्ट उरते: गृहीतक उघडपणे बदलून बघणे. निरोगी लोकांत, नोंद नसलेल्यांची धूम्रपान करण्याची शक्यता नोंद असलेल्यांपेक्षा किती पट जास्त धरायची, हा आकडा आपण द्यायचा.

```r
p <- plogis(qlogis(p0) + log(k) * (d$rog == 0))
```

इथे `p0` म्हणजे भरणीच्या मॉडेलने दिलेली संभाव्यता आणि `k` म्हणजे ऑड्समधली ती पट. तक्त्यावर `k` १ असताना ४.०५, २ असताना ३.३५, ३ असताना २.९७, आणि ९ असताना २.२५. खरा नियम ९ पटीचाच होता. तो आपल्याला माहीत असण्याचे कारण एवढेच की तक्ता आपण बनवला. खऱ्या फाइलवर कोणता `k` बरोबर हे कोणीही सांगू शकत नाही, पण कोणता `k` हास्यास्पद आहे हे ज्यांनी प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या ते सांगू शकतात. मुलाखत घेणाऱ्यांशी बोलल्यावर १ ते ३ ही कक्षा धरली.

२८ मार्च

मूळ संकेतांची प्रत आज कामाला आली. ९ म्हणजे ‘विचारले नाही’ आणि ८ म्हणजे ‘सांगण्यास नकार’. ही दोन वेगळी कारणे एकाच `NA` मध्ये गेली होती. प्रत्येकाचा आजाराशी, वयाशी आणि जुन्या नोंदीशी तक्ता काढला. ९ चे प्रमाण वय आणि आजार यांच्याबरोबर बदलते, जुनी नोंद ‘हो’ असो की ‘नाही’, ते सारखेच. ८ मात्र जुनी नोंद ‘हो’ असणाऱ्यांत जास्त आहे, आणि निरोग्यांत आणखी जास्त. म्हणजे फाइलच्या एका भागाला ११ मार्चचा नियम जवळचा आणि दुसऱ्याला १५ मार्चचा, कदाचित २४ मार्चचाही.

त्यावरून ठरले ते असे. मुख्य निकाल भरणीचा, आजार आणि जुनी नोंद दोन्ही आत घेऊन. त्याच्या शेजारच्याच स्तंभात पूर्ण नोंदींचा निकाल, परिशिष्टात नाही. दोघांमध्ये फरक पडला तर कोणत्या रकान्यामुळे पडला हे जुनी नोंद काढून पुन्हा भरणी करून दाखवायचे. `k` चा बदल सगळ्या गहाळ ओळींना न लावता फक्त ८ असलेल्या निरोग्यांना लावायचा, कारण ज्याला विचारलेच नाही त्याने काही लपवले असे धरायला आधार नाही. धूम्रपानाच्या एकूण प्रमाणाचा आकडा या फाइलवरून द्यायचा नाही.

पुढच्या फेरीच्या अर्जाचा मसुदा आला आहे. त्यात छपाईच्या सोयीसाठी ८ आणि ९ एकत्र करून ‘माहिती नाही’ असा एकच चौकोन केला आहे. तो पुन्हा दोन करावा असे आजच लिहून पाठवले, सोबत दोन्ही संकेतांचे तक्ते जोडले.